बाबांना पत्र: आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग एसआयपी आणि प्लॉट

ओवी_सुदामानगर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इंदूरचीच. सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत तीन वर्षं झाली. घरी आई, बाबा, आजी आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला धाकटा भाऊ. बाबांचं म्हणणं आहे की मी ताबडतोब एसआयपी सुरू करावी आणि त्यांनी पाहिलेल्या प्लॉटला बयाना द्यावा. माझं म्हणणं आहे, आधी आपत्कालीन निधी, तो पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. समोरासमोर बोलायला बसलो की दोघांचेही आवाज चढतात आणि आई पोळ्या टाकून बाहेर येते. म्हणून पत्र लिहिलं आहे. रविवारी देणार आहे. त्याआधी इथे टाकते, हिशेबात काही चुकत असेल तर सांगा.

---

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही परवा म्हणालात, "कमावतेस तर पैसा कामाला लाव, बँकेत झोपवून काय करणार?" तेव्हा मी गप्प बसले, कारण मला २००९ आठवत होतं आणि ते तुमच्यासमोर बोलायचं कसं हे कळत नव्हतं.

मी तेव्हा तिसरीत होते. पीथमपूरची तुमची कंपनी बंद पडली. तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन निघायचात, म्हणून मला बरेच दिवस कळलंही नाही. मग एका दुपारी आई मला सराफ्यात घेऊन गेली. तिनं रुमालाची गाठ सोडली, आत तिच्या दोन पाटल्या होत्या. दुकानदारानं त्या तराजूत टाकल्या, काढल्या, घासून पाहिल्या, घट किती धरणार ते सांगितलं. आईनं एकदाच विचारलं, "अजून थोडं नाही का होणार?" तेव्हा तोळ्याला पंधरा हजारांच्या आसपास भाव होता. त्याच महिन्यात तुम्ही चौथ्या वर्षात असलेली विम्याची पॉलिसी मोडलीत. भरलं होतं त्याहून कमी हातात आलं, ते आईला सांगताना मी ऐकलं होतं.

बाबा, तुम्ही गुंतवणूक केली नव्हती असं नाही. सोनं होतं, पॉलिसी होती. दोन्ही चांगलीच होती. फक्त चार महिन्यांचं वाणसामान आणि शाळेची फी भागवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती मोडावी लागली, आणि मोडायची वेळ आपल्या हातात नव्हती. पाटल्या आज असत्या तर तोळा लाखाच्या वर गेला आहे.

माझ्या नोकरीचं म्हणाल तर मागच्या महिन्यात आमच्या अकरा जणांच्या टीममधल्या चौघांना एका मंगळवारी मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळी त्यांचे लॅपटॉप जमा झाले. चौघंही कामात चांगले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुमची शुगर वाढते म्हणून.

आता हिशेब. हा माझ्या पगारावर नाही, घर चालायला जे लागतंच त्यावर काढला आहे. किराणा, दूध, भाजी १५,००० रुपये. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट ५,०००. तुमची आणि आजीची औषधं ६,०००. भावाची वर्षाची फी ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. पेट्रोल ३,०००. स्कूटरचा हप्ता ३,५००. कामवाल्या मावशी आणि किरकोळ २,५००. एकूण ४३,०००. तुमचं ३,००० पेन्शन वजा केलं की ४०,०००. सहा महिन्यांचे २,४०,०००. हॉटेल, सिनेमा, कपडे यात धरलेले नाहीत, नोकरी गेली तर ते थांबतील.

माझ्याकडे आज ६०,००० आहेत. हातात पगार ५८,००० येतो. घरचे ४०,००० आणि माझे ३,००० सोडले तर महिन्याला १५,००० उरतात. म्हणजे बरोबर एक वर्ष लागेल. एक वर्ष मला द्या. त्यानंतर तुम्ही म्हणाल ती एसआयपी करू.

पैसे तीन ठिकाणी ठेवणार आहे: ४०,००० बचत खात्यात, १ लाखाच्या २५-२५ हजारांच्या चार एफडी, आणि १ लाख लिक्विड फंडात. चार एफडी यासाठी की तीस हजार लागले तर लाखाची मोडायला नको.

आईला पाटल्या परत करायच्या आहेत, ते मी विसरलेले नाही. पण त्याही या वर्षानंतर.

तुमची,
ओवी

---

पोहे_आणि_जिरावण

पत्र छान. वाचनखूण साठवली. पण एक विचारतो, मुलीच्या लग्नाचा खर्च यात धरायचा की वेगळा? आमच्याकडे पुढच्या वर्षी आहे आणि हॉलवाले आत्ताच ॲडव्हान्स मागताहेत.

मावशी_लोकमान्यनगर

पोहे, लग्न पुढच्या वर्षी आहे हे तुम्हाला माहीत आहे ना? मग ती आपत्ती कशी होईल रे बाबा. तारीख ठरलेला खर्च वेगळ्या डब्यात. ओवी, तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. आईच्या पाटल्यांचं वाक्य काढू नकोस कुणी सांगितलं तरी.

रजिस्ट्रीवाला

मी बाबांच्या बाजूनं. इंदुरात जमिनीनं कुणाचं वाईट केलंय ते सांगा. आमच्या वडिलांनी ९८ साली बायपासजवळ प्लॉट घेतला तेव्हा लोक म्हणायचे जंगलात पैसे टाकले. त्याच प्लॉटवर आमच्या दोन बहिणींची लग्नं आणि माझं दुकान उभं राहिलं. वर्षभर थांबली तर तिथला भाव कुठे जाईल? बँकेत पैसा ठेवून महागाई खाऊन जाते. वय पंचवीस आहे, आत्ता नाही धोका घेणार तर कधी?

कोडवाला_विजयनगर

रजिस्ट्रीवाले दादांशी अर्धा सहमत. मी पण आयटीतच आहे. खरं सांगायचं तर इतका निधी कशाला हेच कळत नाही. पीएफ आहे, नोकरी गेली की काढता येतो. क्रेडिट कार्डाची मर्यादा दोन लाख आहे. घरात सोनं आहे, गोल्ड लोन अर्ध्या तासात मिळतं. हे तिन्ही मिळूनच आपत्कालीन निधी झाला की. १५,००० रुपये महिना वर्षभर लिक्विडमध्ये अडकवणं म्हणजे नुकसान.

बडोद्याचा_सीए

मूळचा इंदूरचा, सध्या बडोद्यात. कोडवाला यांचं नुकसान नक्की किती ते आधी मोजू या, म्हणजे वाद हवेत राहणार नाही.

धागाकर्ती वर्षभर महिन्याला १५,००० टाकणार, एकूण १,८०,०००. पहिला हप्ता बारा महिने राहील, शेवटचा एक महिना. सरासरी साडेसहा महिने. समजा लिक्विडमध्ये वर्षाला ६ टक्के मिळाले आणि शेअर फंडात १२ मिळाले असते. ते मिळतीलच असं नाही, पण धरू. फरक ६ टक्क्यांचा, म्हणजे महिन्याला अर्धा टक्का, साडेसहा महिन्यांचे सव्वातीन टक्के. १,८०,००० वर ५,८५० रुपये. थांबण्याची पहिल्या वर्षाची किंमत एवढी आहे. पुढेही निधी कमी परताव्यावर पडून राहील, तो फरक दरवर्षी लागेल हे मान्य. त्याला मी विम्याचा हप्ता समजतो.

आता दुसरी बाजू. ४०,००० रुपये कार्डावर थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर सहा महिन्यांत ते ४९,००० च्या वर जातात. शिवाय त्या व्याजावर जीएसटी. आणि हे एकाच महिन्याच्या घरखर्चाचं आहे.

पीएफचं म्हणाल तर पैसे तुमचेच आहेत, मिळतातही. पण कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. स्वतः भरायची सोय आहे, ती शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर. आधार, बँक खातं आणि वडिलांचं नाव, यातल्या एकाचं स्पेलिंग जरी वेगळं निघालं तर अजून खोळंबा. माझ्याकडे येणाऱ्या दर चौथ्या-पाचव्या माणसाचं काहीतरी जुळत नसतं. पहिल्या दोन महिन्यांचं दूध-भाजी त्या भरवशावर नाही ठेवता येत.

गोल्ड लोनचं मात्र कोडवाला बरोबर आहेत. निधी संपल्यावर कर्ज घ्यायचंच झालं तर मी ते पर्सनल लोनच्या आधी धरतो.

कोडवाला_विजयनगर

५,८५० हा आकडा मला मोठा वाटत होता. म्हणजे मी न मोजताच मोठा धरला होता. पीएफची नोकरी सोडल्याची तारीख वगैरे माहीत नव्हतं, आत्ताच लॉगिन करून पाहतो. मागच्या कंपनीचं काय झालंय देव जाणे.

ग्वाल्हेरची_माई

ओवी, मला पैशातलं फार कळत नाही, पण एक गोष्ट माझ्या घरात घडली ती सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना एका रात्री अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. अकरा दिवस आयसीयू. पैसे होते. खूप होते असं नाही, पण पुरेसे होते. सगळे त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि सगळे फोनमध्ये. फोन त्यांच्या बोटाच्या ठशानं उघडायचा. सिस्टरला विनवलं, तिनं बोट लावून पाहिलं, सुजलेल्या बोटानं तो उघडेना. पिन मला माहीत नव्हता. बँकेत गेले तर साहेब चांगले होते, पण म्हणाले, ताई, तुम्ही नॉमिनी आहात, खातेदार नाही. नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर. ते वाक्य मी तिथे उभी राहून ऐकलं, आणि माझा माणूस वर श्वास घेत होता.

धाकट्या दिरांनी पैसे भरले. हे बरे होऊन घरी आले. आल्यावर पहिलं काम खात्यावर माझं नाव घातलं.

तुझ्या पत्रात तीन ठिकाणं लिहिली आहेस. त्यातलं आईला कुठलं उघडता येईल?

मावशी_लोकमान्यनगर

माई, काटा आला अंगावर. मी आत्ता उठून ह्यांना पिन विचारला.

ओवी_सुदामानगर

माई, मी हा विचारच केला नव्हता. मी नोकरी जाण्याचा विचार केला, आजारपण म्हणजे बाबांचं किंवा आजीचं असंच धरून चालले. तिन्ही ठिकाणं माझ्या एकटीच्या नावावर आहेत आणि ओटीपी माझ्याच फोनवर येतो.

सीएकाका, बचत खात्यात आणि एफडीत आईचं नाव घातलं की झालं का?

बडोद्याचा_सीए

बचत खात्यात 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' असं लिहून घेतलंत की आईला पैसे काढता येतील. आईचं वेगळं एटीएम कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा तिच्याकडूनच पैसे काढवून घ्या. नाहीतर ऐन वेळी पिन आठवत नाही.

एफडीत मात्र एक खाच आहे. तीच सूचना असली तरी मुदत संपल्यावर एकाची सही चालते. मुदतीआधी मोडायची असेल तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. आपल्याला तर ती मुदतीआधीच मोडायची असणार. म्हणून एफडी उघडतानाच दोघांकडून लेखी घ्या की मुदतपूर्व मोडण्यासाठीही कुणा एकाची सही पुरे. त्याला मँडेट म्हणतात. फॉर्मवर त्याचा रकाना असतो तो बरेचजण कोरा सोडतात. तुमच्या चार एफडींची कल्पना उत्तम आहे, फक्त चारही फॉर्मवर हे पाहा. मुदतीआधी मोडली की व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कापतात, मुद्दलाला धक्का लागत नाही.

जुना_पीथमपूरकर

मी तुमच्या बाबांच्या वयाचा आहे, कदाचित त्यांच्याच बसनं जात असेन.

आमच्या पिढीला घरात रोकड पडून राहणं सहन होत नाही, त्याचं कारण तुम्हा पोरांना कळायला हवं. आमच्या वाढत्या वयात घरात पैसा राहिला की तो खर्च व्हायचा किंवा कुणी नातेवाईक उसना न्यायचा. प्लॉट, सोनं, पॉलिसी ही कुलुपं होती. बाबा "पैसा कामाला लाव" म्हणतात, त्यातला निम्मा अर्थ "पैसा माझ्या भावाच्या नजरेला पडू देऊ नकोस" असा असतो. ओवीबाळ, पत्रात त्या कुलपाचाही विचार लिही. निधी वेगळ्या बँकेत ठेव, रोजच्या खात्यात नको.

आणि इंदुरात कंपनी बंद पडणं ही गोष्ट नवी नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली, कामगारांच्या देण्याचा निकाल २०२३च्या डिसेंबरात लागला. बत्तीस वर्षं. हक्काचे पैसे मिळणं वेगळं आणि वेळेवर मिळणं वेगळं.

रजिस्ट्रीवाला

पीथमपूरकर काकांचं कुलपाचं म्हणणं अगदी पटलं. तेच मी म्हणतोय. प्लॉट हे सगळ्यात भक्कम कुलूप.

सराफ्याची_सून

पण दादा, कुलूप इतकं भक्कम की आपल्यालाच उघडत नाही, त्याचं काय? २०२०च्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना प्लॉट विकायचा होता. दुकान बंद, तिघांचे पगार द्यायचे. रजिस्ट्री ऑफिसच बंद होतं. उघडल्यावर गिऱ्हाईक आलं ते सरकारी गाइडलाइन दराच्याही खाली मागायला लागलं, कारण त्याला आमची नड दिसत होती. सौदा झाला तो दिवाळीनंतर. अर्धी रक्कम बयान्याची, उरलेली तीन हप्त्यांत.

आणि ओवी, बाबांनी पाहिलेला प्लॉट रेरात नोंदलेल्या कॉलनीत आहे का? की डायरीवर सौदा आहे? डायरीवर असेल तर बयाना देऊच नकोस, निधी असो वा नसो. कच्च्या चिठ्ठीवर लिहिलेलं उद्या कुणी नाकारलं तर तू कुठे दाद मागणार?

रजिस्ट्रीवाला

डायरीचं बरोबर बोललात ताई, तिथे मी पण हात जोडतो. रेरा नंबर पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नये. पण पक्की रजिस्ट्री असेल तर माझं मत बदललेलं नाही. नडीत विकायची वेळ यायला नको हे खरं. कशी यायला नको, ते ओवी म्हणते तसं असेल कदाचित.

चोखी_ढाणी_नको

मी ओवीचे बाबा म्हणतात तसं सगळं "कामाला लावून" बसलो होतो, माझा शुक्रवार सांगतो. आईला पडल्यामुळे दवाखान्यात नेलं, कॅशलेसची मंजुरी यायची होती, काउंटरवर ४०,००० अनामत मागितली. माझे तीन लाख शेअर फंडात. संध्याकाळी पाच वाजता फोनवरून विक्री टाकली. तीनची वेळ टळली होती, म्हणून ती पुढच्या कामाच्या दिवसात गेली. शनिवार, रविवार. सोमवारी बाजाराला सुट्टी. मंगळवारचा भाव लागला. त्यानंतर कामाचे दोन दिवस. गुरुवारी खात्यात पैसे आले. आई बुधवारी घरी आली होती.

तीन लाख असून मी त्या रात्री शेजारच्यांचं दार वाजवलं. ते काका काही बोलले नाहीत, पाकीट आणून दिलं. आजही त्यांच्यासमोरून जाताना आठवतं.

कोडवाला_विजयनगर

लिक्विड फंडातही असंच होतं का मग?

चोखी_ढाणी_नको

तेवढं नाही. पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी येतात. आणि बऱ्याच योजनांत लगेच काढायची सोय असते, दिवसाला ५०,००० किंवा शिल्लकेच्या ९० टक्के, यात जे कमी असेल ते. ती सुट्टीच्या दिवशीही चालते. पण आपल्या योजनेत आहे का हे आधी शंभर-दोनशे रुपये काढून बघावं. टाकल्यापासून सात दिवसांच्या आत काढलं तर किंचित भार लागतो, तो अगदीच नगण्य.

मावशी_लोकमान्यनगर

अवांतर: ह्यांनी पिन दिला. आमच्या लग्नाची तारीख निघाली. मला वाटलं होतं विसरले असतील!

बडोद्याचा_सीए

मावशी, आनंद आहे, पण तारखेचा पिन बदलायला सांगा.

ओवी, अजून एक. तुमच्या यादीत आई-बाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दिसत नाही. कंपनीच्या पॉलिसीत आहेत का ते?

ओवी_सुदामानगर

हो, दोघंही कंपनीच्याच पॉलिसीत, पाच लाखांचं संरक्षण आहे.

बडोद्याचा_सीए

मग हिशेबातली मोठी फट इथे आहे. ज्या दिवशी तुमची नोकरी जाईल त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत ते संरक्षणही जाईल. पगार आणि विमा एकाच खुंटीला टांगलेले आहेत. बाबांना शुगर आहे. तेव्हा नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लावू शकतात. २०२४ पासून मर्यादा तीन आहे, आधी चार होती. शिवाय कुठल्याही आजारासाठी पहिले तीस दिवस साधारण काही मिळत नाही, अपघात सोडून. नेमका तोच काळ तुम्ही बेकार असाल.

कंपनी सोडताना त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येतं आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरतात, पण स्वीकारायचं की नाही आणि हप्ता किती हे ते ठरवतात. त्यापेक्षा आजच बाबांसाठी आणि आईसाठी वेगळी छोटी पॉलिसी घ्या, नोकरी असेपर्यंत तिचा प्रतीक्षाकाळ मुरू द्या. फॉर्मवर शुगर लपवू नका. एजंट म्हणेल "लिहू नका, हप्ता वाढतो". लिहा. दावा नाकारायला पुढे तेच कारण होतं.

यामुळे महिन्याचा खर्च वाढेल आणि निधीला वर्षाऐवजी कदाचित पंधरा महिने लागतील. माझ्या मते तरी पॉलिसी आधी.

पोहे_आणि_जिरावण

सीएसाहेब, मग माणसानं आधी विमा, मग निधी, मग एसआयपी, मग प्लॉट, असं करत म्हातारं व्हायचं का? मी तर म्हणतो हजार रुपयांची का होईना एसआयपी चालू ठेवावी. सवय लागते. आणि बाबांच्याही शब्दाचा मान राहतो.

सराफ्याची_सून

याला माझा पाठिंबा. बाबांचा मान ही हिशेबाबाहेरची गोष्ट नाही.

बडोद्याचा_सीए

हजार रुपयांनी निधी फार तर महिनाभर लांबेल, विरोध नाही. माझा विरोध एवढाच की घरातल्या घरात तो हजार दोन महिन्यांत पाच हजार होतो. आणि लक्षात घ्या, आयटीतल्या नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही बहुधा पडलेलाच असतो. २००८ला तसं झालं. २०२०च्या जानेवारीतल्या उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी ३८ टक्क्यांच्या आसपास खाली आला. तेव्हा ज्यांना घरखर्चासाठी विकावं लागलं त्यांचे लाखाचे बासष्ट हजार झाले. ज्यांना विकावं लागलं नाही त्यांचे वर्षाच्या आत परत आले.

जुना_पीथमपूरकर

मी हजारवाल्यांच्या बाजूनं. बापाला काहीतरी हातात दाखवायला लागतं.

ओवी_सुदामानगर

मंडळी, पत्र रविवारी दिलं. उशिरा लिहितेय, कारण दोन दिवस घरात काय चाललंय तेच मला कळत नव्हतं.

बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं. जेवताना काही बोलले नाहीत. मंगळवारी रात्री माळ्यावरून एक निळी वही काढली. २००९ची घरखर्चाची वही. मला वाटत होतं चार महिने. वहीत सात महिने आहेत. शेवटचे तीन महिने ते एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहायला जात होते, महिन्याला साडेतीन हजारांवर, आणि आम्हाला सांगितलं होतं की नोकरी लागली.

मग माझी यादी घेऊन बसले. पेन्सिलीनं एकाच जागी खूण केली. म्हणाले, "फी महिन्याला आठ हजार कुठे असते? जुलैत अठ्ठेचाळीस आणि जानेवारीत अठ्ठेचाळीस. जूनमध्ये नोकरी गेली तर पहिल्याच महिन्यात तुला ऐंशी हजार लागतील, आणि तू खात्यात चाळीस ठेवलेस." खरंच आहे. फी सोडून घरखर्च ३२,०००, त्यात ४८,००० मिळवले तर बरोबर ८०,०००. मी बाराने भागून मोकळी झाले होते. त्यांनी जुलै पाहिला होता.

म्हणून आता रचना अशी केली आहे: जून आणि डिसेंबर संपेपर्यंत बचत खात्यात ८०,००० असलेच पाहिजेत, फी भरली की ते पुन्हा भरत न्यायचे. दोन एफडी अशा बेतानं की एक जूनच्या आणि एक डिसेंबरच्या शेवटाला पिकेल. सहाऐवजी सात महिने. आईचं नाव बचत खात्यावर लागलं, एफडीच्या फॉर्मवर मुदतीआधी मोडायचा रकाना खरंच कोरा होता, तो भरून घेतला. काउंटरवरच्या ताईंना दोनदा विचारावं लागलं. विम्यासाठी तीन ठिकाणांहून हप्ता मागवला आहे, शुगर लिहूनच.

हजाराची एसआयपी मी कबूल केली. बाबा म्हणाले, "राहू दे, आधी विमा."

सीएकाका, एकच शंका राहिली. सात महिने धरले तर लिक्विडमधले पैसे आईच्या नावानेही ठेवता येतात का, की तेवढे एफडीतच वळवू?

बडोद्याचा_सीए

फंडातही दोन नावं चालतात, 'कुणीही एक किंवा हयात असलेला' ही पद्धत निवडायची. पण आईची केवायसी लागेल, आणि एकट्या नावाच्या जुन्या फोलिओत नंतर नाव घालता येत नाही, नवा काढावा लागतो. आईला फोनवर ते करणं जड जाणार असेल तर एफडीच बरी. तिला जे जमतं ते ठेवा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. फीचा मुद्दा माझ्याही नजरेतून सुटला होता.

ग्वाल्हेरची_माई

आईला एटीएमवर घेऊन गेलीस का?

ओवी_सुदामानगर

काल गेलो माई. तिनं पाचशे काढले, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

रजिस्ट्रीवाला

आणि प्लॉट?

ओवी_सुदामानगर

त्याचं मिटलेलं नाही दादा. रेरा नंबर मागितला आहे, तो माणूस "देतो, देतो" म्हणतोय. बाबांना अजून वाटतं की तो देईल.